पत्त्यांची स्मृती पुसणारे यंत्र

१.
ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसवलेल्या अखंड पिसणाऱ्या यंत्राविषयी दोन समज रूढ आहेत. पहिला समज कॅसिनोवाल्यांचा: या यंत्रामुळे फसवणुकीला आळा बसतो आणि खेळ निर्मळ राहतो. दुसरा समज हरलेल्या खेळाडूंचा: यंत्र पत्ते ओळखते आणि वाईट पत्ते नेमके खेळाडूच्या वाट्याला ढकलते. दोन्ही समज मूळ मुद्दा चुकवतात. यंत्र खेळाडूला फसवत नाही. पण ज्या माणसांमुळे त्याची गरज भासली, तीही फसवणूक करत नव्हती. ती केवळ लक्षात ठेवत होती. यंत्राचे खरे काम आहे ते लक्षात ठेवण्याजोगे काही उरू न देणे. हा धागा त्या कामाच्या इतिहासाचा आहे.

२.
आरंभी खेळाचे स्वरूप पाहू. रूलेटच्या चाकाला स्मृती नसते. लागोपाठ दहा वेळा लाल आले, तरी अकराव्या वेळी लाल येण्याची शक्यता तेवढीच राहते. ब्लॅकजॅकचे तसे नाही. तेथे पत्ते एका पेटीतून वाटले जातात, या पेटीला कॅसिनोत ‘शू’ म्हणतात. वाटून झालेला पत्ता त्या पेटीत परत जात नाही. चार एक्के निघून गेले की उरलेल्या पत्त्यांत चार एक्के कमी असतात. म्हणजेच या खेळात झालेल्या डावांचा पुढच्या डावांवर परिणाम होतो. कॅसिनोतील बहुतेक खेळांत नसलेली गोष्ट येथे आहे: खेळाला भूतकाळ आहे.

३.
या भूतकाळाचा हिशेब मांडता येतो, हे प्रथम गणिताने सिद्ध केले. १९५६ मध्ये रॉजर बॉल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅक्डरमॉट या अमेरिकी सैन्यातील चार तरुणांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर ब्लॅकजॅकचा सर्वोत्तम डावपेच काढून प्रसिद्ध केला. प्रत्येक हातासाठी पत्ता घ्यावा की थांबावे, याचे ते कोष्टक होते. आज त्यालाच ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात. ते पाळले तर कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणजे शंभर डॉलरच्या पैजेमागे सरासरी पन्नास सेंट कॅसिनोला जातात. पण ती आघाडी शिल्लक राहतेच.

४.
ती आघाडी उलटवण्याची युक्ती एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने शोधली. एमआयटीच्या आयबीएम ७०४ संगणकावर त्याने विचारलेला प्रश्न साधा होता: काही विशिष्ट पत्ते निघून गेले असतील तर उरलेल्या पत्त्यांत कोणाचे पारडे जड? उत्तर असे आले की लहान पत्ते निघून गेले तर खेळाडूचे, मोठे निघून गेले तर कॅसिनोचे. १९६१ मध्ये दहा हजार डॉलरच्या भांडवलावर नेवाडात त्याने हे पडताळून पाहिले आणि भांडवल दुपटीहून अधिक झाले. १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे त्याचे पुस्तक आले.

५.
लहान पत्ते गेल्याने खेळाडूचा लाभ का होतो, याची कारणे नियमांतच आहेत. एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता एकत्र आला की खेळाडूला दीडपट रक्कम मिळते. डीलरला तशी जोडी आली तर खेळाडू फक्त आपली मूळ पैज गमावतो. दुसरे असे की डीलरला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, खेळाडूला थांबता येते. उरलेल्या पत्त्यांत दश्शा, गुलाम, राण्या आणि राजे भरपूर असतील तर सक्तीने पत्ता घेणारा डीलर एकवीसच्या पलीकडे अधिक वेळा जातो. एकाच पेटीतील तेच पत्ते दोघांना वाटले जातात, पण ते दोघांना सारखे लाभत नाहीत.

६.
मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत ‘हाय-लो’. दुर्री ते छक्की यांपैकी पत्ता दिसला की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी आणि नव्वी सोडून द्यायची. प्रत्येक पत्ता आठवणीत ठेवावा लागत नाही, एकच चालती बेरीज ठेवायची असते. मग तिला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे. ही प्रति-कॅट बेरीज एकाने वाढली की पारडे साधारण अर्धा टक्का खेळाडूकडे झुकते. बेरीज मोठी असेल तर पैज मोठी लावायची, नसेल तर लहान. पत्तेगणना म्हणजे एवढेच.

७.
एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पेटीत सहा कॅट, म्हणजे ३१२ पत्ते आहेत. साडेचार कॅट वाटून झाले, दीड कॅट उरला आणि चालती बेरीज अधिक सहा आहे. सहाला दीडने भागले की चार येतात. कॅसिनोची आघाडी अर्धा टक्का होती. चार वेळा अर्धा म्हणजे दोन टक्के खेळाडूकडे आले. आता खेळाडू दीड टक्क्याने पुढे आहे. हीच अधिक सहा बेरीज पेटीच्या आरंभी, जवळजवळ सहा कॅट शिल्लक असताना आली असती, तर भागाकार एकच्या आसपास राहिला असता आणि खेळाडू जेमतेम बरोबरीला आला असता. या फरकातच पुढची सारी कथा दडलेली आहे. मोजणाऱ्याला पेटीचा तळ हवा असतो.

८.
तळ का हवा, हे आकड्यांत आणखी स्पष्ट होते. सहा कॅटांच्या पेटीतून सोळा पत्ते वाटून झाले, तर प्रति-कॅट बेरीज शून्यापासून सामान्यतः ०.६ इतकीच ढळते. साडेचार कॅट वाटून झाल्यावर हेच ढळणे सुमारे साडेचार होते. पेटीच्या आरंभी पारडे जागचे हलत नाही, शेवटी ते दोन्ही बाजूंना जोरात झुलते. मोजणारा या झुलण्यावर जगतो. पारडे आपल्या बाजूला झुकेपर्यंत तो लहान पैजा लावत थांबतो आणि झुकले की मोठी लावतो. त्याचे खरे भांडवल पैशाइतकेच साठत गेलेल्या माहितीत असते.

९.
कॅसिनोंची पहिली प्रतिक्रिया घाबरटपणाची होती. १ एप्रिल १९६४ रोजी लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियमच कडक केले: पैज दुप्पट करण्याची मुभा अकराच्या हातापुरती उरली आणि एक्क्यांची जोडी फोडण्यावर बंदी आली. परिणाम असा झाला की सामान्य गिऱ्हाईकच टेबलावरून उठून गेले. काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. या प्रसंगातून कॅसिनोवाले एक गोष्ट शिकले. थॉर्पच्या पुस्तकाने गिऱ्हाईक वाढवले होते, कारण जिंकता येणारा खेळ अशी ब्लॅकजॅकची ख्याती झाली होती आणि पुस्तक वाचून येणारे बहुतेक जण वाईट मोजत होते. त्यामुळे ख्याती टिकवायची आणि नेमके मोजणारे तेवढे वगळायचे, हे धोरण ठरले.

१०.
वगळण्याचा सोपा मार्ग म्हणजे दार दाखवणे. नेवाडात तो चालला. पण न्यू जर्सीत अडला. १९७९ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीतील रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोने केन उस्टन या प्रसिद्ध पत्तेगणकाला ब्लॅकजॅकच्या टेबलावरून उठवले. उस्टन न्यायालयात गेला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, खेळाडू कोणत्या डावपेचाने खेळतो एवढ्या कारणावरून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार कॅसिनोला स्वतःहून नाही. खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाचा आहे आणि आयोगाने असा नियम केलेला नाही.

११.
या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. मोजणारा चोर ठरला नाही. डोळ्यांसमोर उघडे पडलेले पत्ते पाहणे, बेरीज करणे आणि त्यानुसार पैज लावणे हा नियमांत राहून खेळलेला खेळ ठरला. नेवाडातही डोक्याने मोजणे हा कधीच गुन्हा नव्हता. ‘यंत्राने फसवणुकीला आळा बसला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा या वाक्यातील फसवणूक कोणती, हा प्रश्न विचारायलाच हवा. पत्ते पिसताना डीलर हातचलाखी करू शकतो आणि यंत्रामुळे ती संधी जाते, हे मान्य. पण त्यासाठी पत्ते बाहेर पिसून, पूर्ण पेटी भरून देणारे साधे यंत्र पुरेसे होते. प्रत्येक डावानंतर पत्ते परत गिळणाऱ्या यंत्राची गरज त्या कारणाने सिद्ध होत नाही.

१२.
आता कॅसिनोच्या हाती उरले ते पिसणे. अधिक कॅट वापरावेत आणि पेटी तळाला जाण्याआधीच पत्ते पिसावेत, म्हणजे पारडे झुलण्याचा काळच येणार नाही. पण या उपायाची किंमत मोठी होती. सहा कॅट हाताने पिसायला काही मिनिटे जातात आणि त्या मिनिटांत टेबलावर एकही पैज लागत नाही. कॅसिनोची कमाई दर तासाला किती डाव होतात, यावर अवलंबून असते. वारंवार पिसावे तर कमाई बुडते, कमी वेळा पिसावे तर मोजणाऱ्याला तळ मिळतो. न थांबता पिसणे हाच या पेचातून सुटण्याचा मार्ग होता आणि तो मानवी हातांच्या आवाक्यात नव्हता.

१३.
मिनेसोटातील ट्रकचालक जॉन ब्रीडिंग याने १९८३ मध्ये शफल मास्टर ही कंपनी काढली. अटलांटिक सिटीतील पत्तेगणकांविषयीची बातमी वाचून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याचे पहिले यंत्र बाजारात यायला १९९२ उजाडले आणि तेही एकच कॅट पिसणारे होते. बहुकॅटी ब्लॅकजॅकला त्याचा फारसा उपयोग नव्हता. म्हणून कंपनीने १९९३ मध्ये ‘लेट इट राइड’ नावाचा एक वेगळाच खेळ काढला, त्या यंत्राला गिऱ्हाईक मिळावे म्हणून! ब्लॅकजॅकसाठीची अखंड पिसणारी यंत्रे पुढे आली. त्यांत शफल मास्टरचे ‘किंग’ आणि ऑस्ट्रियात विकसित झालेले ‘वन टू सिक्स’ ही नावे विशेष गाजली.

१४.
या यंत्राचे काम पाहण्यासारखे आहे. डाव संपला की डीलर वापरलेले पत्ते गोळा करून यंत्राच्या मागच्या तोंडात टाकतो. आत अनेक खाचा असलेले एक चाक असते. रबरी रूळ एकेक पत्ता आत ओढतो, यादृच्छिक अंक काढणारा संगणक एक खाच निवडतो, चाक फिरते आणि पत्ता त्या खाचेत जातो. पुढच्या तोंडाशी वाटण्याजोगे पत्ते कमी झाले की एखाद्या खाचेतील पत्त्यांचा गठ्ठा तेथे ढकलला जातो. हे सारे डाव चालू असतानाच होत राहते. पत्त्यांची किंमत ओळखून ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याची यंत्राला गरज नसते. प्रत्येक पत्त्याची जागा विस्कटली की त्याचे काम झाले.

१५.
आता आधीचे उदाहरण या यंत्रासमोर ठेवू. टेबलावर पाच खेळाडू आणि डीलर आहेत. एका डावात सोळा पत्ते उघडे पडले: दहा लहान, तीन मोठे, तीन मधले. बेरीज अधिक सात. साध्या पेटीत आता २९६ पत्ते, म्हणजे सुमारे ५.७ कॅट उरले असते. भागाकार साधारण १.२ आला असता आणि खेळाडू किंचित पुढे गेला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही अधिक सात बेरीज पुढच्या डावात सोबत आली असती आणि पेटी रिकामी होत जाताना तिचे वजन वाढत गेले असते. यंत्रात ते सोळा पत्ते परत गेले. पुढचा डाव पुन्हा ३१२ पत्त्यांचा. बेरीज पुन्हा शून्य. मोजणारा बिनचूक मोजतो, पण त्याने मोजलेली वस्तूच नाहीशी झालेली असते.

१६.
यावर कोणी म्हणेल की एका डावात दिसलेले पत्ते त्याच डावात तरी वापरता येतील. येथे दोन अडसर आहेत. पहिला असा की पैज पत्ते वाटण्यापूर्वी लागते, त्यामुळे नवी माहिती पैज वाढवण्याच्या कामी येत नाही. दुसरा असा की एवढी माहिती निर्णय बदलण्यासही क्वचितच पुरते. ‘इन्शुरन्स’ची पैज घ्या. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की त्याचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा आहे, अशी ही पैज असते आणि ती जिंकल्यास दुप्पट मिळते. न दिसलेल्या पत्त्यांत असे पत्ते एकतृतीयांशाहून अधिक असतील तरच ती फायद्याची ठरते.

१७.
सहा कॅटांत दहाच्या किमतीचे ९६ पत्ते असतात. ९६ ही संख्या एकतृतीयांशाहून मोठी ठरण्यासाठी न दिसलेले पत्ते २८८ पेक्षा कमी हवेत. म्हणजे ३१२ पैकी किमान पंचवीस पत्ते दिसलेले हवेत आणि त्यांत दहाच्या किमतीचा एकही नसावा. पूर्ण भरलेल्या टेबलावर सात खेळाडूंचे दोन-दोन पत्ते आणि डीलरचा एक, असे पंधराच पत्ते त्या क्षणी दिसतात. नीट पिसलेल्या सहा कॅटांच्या यंत्रासमोर एका डावाच्या माहितीवर ही पैज फायद्याची होणे अशक्य आहे. यंत्र मोजणे बंद करत नाही. मोजणीतून निर्णयापर्यंत पोहोचण्याइतका काळ ते हाती लागू देत नाही.

१८.
यंत्राला काही भेगा आहेत. पुढच्या तोंडाशी आधीच निघून थांबलेले साधारण डझनभर पत्ते असतात. नुकताच आत टाकलेला पत्ता त्या पत्त्यांत असू शकत नाही, तेव्हा एवढ्यापुरता भूतकाळ टिकतो. डीलर आळशी असेल आणि दोन-तीन डावांचे पत्ते साठवून मग आत टाकत असेल, तर आणखी थोडा टिकतो. पण अठ्ठेचाळीस पत्ते बाहेर राहिले, तरी प्रति-कॅट बेरीज सामान्यतः १.१ इतकीच ढळते आणि पत्ते आत गेले की तीही संपते. साध्या पेटीच्या तळाशी मिळणाऱ्या साडेचारांशी याची तुलना होत नाही. भेग आहे, पण तिच्यातून पोट भरत नाही.

१९.
दुसऱ्या समजाकडे वळू. यंत्र खेळाडूविरुद्ध पत्ते लावते, याला आधार नाही. उलट बेसिक स्ट्रॅटेजीने खेळणाऱ्यासाठी कॅसिनोची आघाडी यंत्रामुळे किंचित घटते. सहा कॅटांना ही घट सुमारे ०.०२ टक्के आहे. कारण मजेदार आहे. साध्या पेटीत एक प्लास्टिकचे कटकार्ड येईपर्यंत डाव चालतात. मोठे पत्ते आधी आले तर एकेका डावाला कमी पत्ते लागतात, म्हणून कटकार्ड येण्यापूर्वी एखादा डाव अधिक होतो. पण तो लहान पत्त्यांनी भरलेल्या, खेळाडूला प्रतिकूल उरल्यासुरल्या पेटीतून होतो. यंत्रात कटकार्ड नाही, म्हणून तो जादा वाईट डावही नाही.

२०.
मग न मोजणाऱ्या सामान्य खेळाडूचा यंत्राने फायदा झाला का? हिशेब करून पाहू. समजा पंचवीस डॉलरची पैज, तासाला साठ डाव आणि अर्ध्या टक्क्याची आघाडी: सरासरी तोटा तासाला साडेसात डॉलर. यंत्र आले, पिसण्याची विश्रांती गेली आणि डाव बहात्तर झाले असे धरू. आघाडी ०.४८ टक्क्यांवर उतरली, तरी तोटा ८.६४ डॉलर होतो. दर डावाला सौम्य झालेला खेळ दर तासाला महाग झाला. जो मोजत नव्हता, मोजणे ज्याला ठाऊकही नव्हते, तोच मोजणाऱ्याविरुद्धच्या उपायाचा खर्च भरतो. ‘प्रामाणिक खेळाडूंच्या रक्षणासाठी यंत्र’ हे म्हणणे येथे उघडे पडते.

२१.
यादृच्छिकतेचे दावेही डोळे झाकून मानण्याजोगे नसतात. पर्सी डायकोनिस, जेसन फुलमन आणि सुझन होम्स या गणितज्ञांनी एका उत्पादकाच्या विनंतीवरून एका यंत्राची तपासणी केली. ते अखंड पिसणारे नव्हते; दहा फळ्यांवर पत्ते टाकून एकच कॅट पिसणारे होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, मूळ क्रम ठाऊक असलेला माणूस बावन्नपैकी सुमारे साडेनऊ पत्ते अचूक ओळखू शकत होता. नीट पिसलेल्या कॅटात हा आकडा साडेचार असायला हवा. यातून कट सिद्ध होत नाही, अपुरे पिसणे सिद्ध होते. यंत्रावर आरोप करायचा तर तो असा मोजून करावा. ‘मी हरलो म्हणून यंत्र खोटे’ हा पुरावा नव्हे.

२२.
या कथेतील खरी विसंगती कायद्यात आहे. १९७० च्या दशकात कीथ टॅफ्ट या अमेरिकी अभियंत्याने अंगावर लपवता येतील आणि पायाच्या बोटांनी चालवता येतील असे संगणक बनवले. ते पत्त्यांचा हिशेब ठेवत. १९८५ मध्ये नेवाडाने पत्ते मोजण्यास साहाय्य करणारी अशी उपकरणे वापरणे गुन्हा ठरवले. टेबलावरचा भूतकाळ टिपणारे खेळाडूचे यंत्र गुन्हा ठरले. तोच भूतकाळ पुसणारे कॅसिनोचे यंत्र मात्र परवाना घेऊन टेबलावर बसले. माणसाने बुद्धीनेच खेळावे असा नियम असेल, तर तो दोन्ही बाजूंना का लागू नाही, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

२३.
कॅसिनोची बाजू दुर्बळ नाही. तो धर्मादाय संस्था नाही. तोट्याचा खेळ चालवण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही. मोजणाऱ्याला अपमानित करून बाहेर काढण्यापेक्षा सर्वांसाठी सारखेच पत्ते पिसणे अधिक सभ्य आहे, हा युक्तिवादही मान्य करण्याजोगा आहे. आक्षेप यंत्र बसवण्यावर नाही, त्याला दिलेल्या नावावर आहे. १९६२ पासून ब्लॅकजॅकची जी ख्याती आहे, ती भूतकाळ असलेल्या खेळाची आहे. यंत्राच्या टेबलावर जे चालते तो रूलेटच्या जातीचा, स्मृतिहीन खेळ आहे. जुन्या खेळाच्या ख्यातीवर नवा खेळ विकायचा आणि त्या अदलाबदलीला निर्मळपणा म्हणायचे, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

२४.
दोन्ही खेळ वेगळे ओळखता येतात. टेबलावर वापरलेल्या पत्त्यांचा ढीग वाढताना दिसतो का, कटकार्ड आहे का, मधेच पिसण्यासाठी खेळ थांबतो किंवा दुसऱ्या रंगाच्या पाठीचा पत्त्यांचा संच येतो का, हे पाहावे. होय असेल तर पेटीला भूतकाळ आहे. यंत्र असले तरी ते केवळ पुढची पेटी बाहेर पिसत आहे आणि मोजणी तेथे लागू पडते. प्रत्येक डावानंतर पत्ते थेट यंत्राच्या तोंडात जात असतील, ढीग साठतच नसेल आणि खेळ कधीच थांबत नसेल, तर तेथे मोजण्यासारखे काही नाही. हा फरक खेळाडूला स्वतः शोधावा लागतो. खेळाचे नियम छापणाऱ्या टेबलावर तो एका ओळीत सहज लिहिता आला असता: येथे प्रत्येक डाव नव्याने सुरू होतो, मागच्या डावांचा पुढच्याशी संबंध नाही.